स्पेसिफिक स्पीड १०१ आला, तक्ता म्हणतो कॅप्लान, कारखानदार म्हणतो क्रॉसफ्लो. नक्की कोणतं टर्बाइन?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. आमच्या ओढ्यावर छोटं जलविद्युत बसवायचं दोन वर्षं डोक्यात घोळतंय. तारेची वीज तिथवर आलेली नाही आणि येईल असं दिसत नाही, म्हणजे जी बनेल ती आम्हीच वापरायची.

मोजमाप सांगतो. वरच्या बंधाऱ्यातलं पाणी आणि खालच्या ओढ्यातलं पाणी यांच्यात ४६ मीटरचा फरक आहे. लेव्हल लावून दोनदा मोजलाय. पाइप ३२० मीटर लागेल, ४०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी धरलाय. व्ही-खाचेची पाटी बसवून वर्षभर पाणी मोजलं. ओढ्यात सोडून द्यायचं पाणी वजा जाता चार महिने सेकंदाला १८० लिटर किंवा जास्त, पुढचे चार महिने १०० च्या आसपास, आणि कोरडे चार महिने ५० च्या आसपास.

पाइपातलं घर्षण, वळणं, जाळी मिळून दोन मीटर गेले असं धरून नेट हेड ४४ काढलं. कार्यक्षमता ७५ टक्के धरली की शाफ्टवर ५८ किलोवॅट येतात. जनरेटर १५०० आरपीएमचा. मग स्पेसिफिक स्पीडचं हे गणित केलं:

```
Ns = N * sqrt(P) / H^1.25
1500 * sqrt(58.3) / 44^1.25 = 101
```

नेटवर सापडलेल्या तक्त्यात १०० च्या वर प्रोपेलर नाहीतर कॅप्लान लिहिलंय. ओळखीतले एक इंजिनिअर म्हणाले, डोंगर आहे म्हणजे पेल्टनच. एका कारखानदाराला फोन केला, तर त्याने काही न विचारता क्रॉसफ्लो सांगून टाकलं. तीन तोंडं, तीन टर्बाइनं. माझं गणित चुकलंय का?

शंकासुर

या विषयात मी नवखा आहे, पण १०१ म्हणजे टर्बाइन मिनिटाला १०१ फेरे घेणार ना? मग १५०० च्या जनरेटरला पंधरापट वेग वाढवायला हवा. एवढी मोठी गिअरपेटी परवडेल का, ते आधी बघा.

अभ्यासू_अण्णा

शंकासुर, नाही हो. त्यांनी गणितात १५०० च घातलेत, टर्बाइन १५०० नेच फिरणार. १०१ हा आकाराचा अंक आहे. त्याच घडणीचं टर्बाइन एवढं मोठं केलं की १ मीटर हेडवर ते १ किलोवॅट देईल, तर ते मिनिटाला १०१ फेरे घेईल. म्हणजे तुमचं म्हणणं खरं आहे, फक्त त्या कागदावरच्या टर्बाइनबद्दल.

ओढ्याकाठी, १०१ ला कॅप्लान कुठल्याच पुस्तकात येत नाही. किलोवॅट आणि मीटर धरले तर फ्रान्सिस साधारण ५० ते ३५० मध्ये बसतं आणि कॅप्लान २०० च्या पुढे सुरू होतं. तुमचा तक्ता टाकून द्या.

पण तुम्ही एकाच प्रवाहाला गणित केलंत, ते अपुरं आहे. कोरड्या महिन्यांत ५० लिटरवर पॉवर १६ किलोवॅटपर्यंत खाली येते, तेव्हा स्पेसिफिक स्पीड ५० निघतो. म्हणजे भरल्या दिवसांत फ्रान्सिस आणि कोरड्या दिवसांत टर्गो किंवा क्रॉसफ्लोचा पट्टा. एकच घ्यायचं तर फ्रान्सिस घ्या, ८५ ते ९० टक्के कार्यक्षमता सोडायची कशाला?

पाणवठा

अण्णांचं अर्धं बरोबर आहे, उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येते. आधी तक्ता. तो चुकीचा नाही, फुटांचा आहे. अमेरिकेतल्या जुन्या तक्त्यांत हेड फुटांत आणि पॉवर हॉर्सपॉवरमध्ये असते. त्या मापात तुमचे १०१ म्हणजे सुमारे २६.५, कारण दोन मापांत ३.८ पटीचा फरक आहे. २६.५ त्याच तक्त्यावर नेऊन बघा, फ्रान्सिसच्या रकान्यात पडेल. मीटर आणि मेट्रिक हॉर्सपॉवरचेही तक्ते असतात. त्यात तुमचा आकडा ११८ येतो. फरक थोडाच असल्यामुळे तो फसवतोही जास्त. तक्त्याखाली एकक छापलेलं नसेल तर तो तक्ता वापरू नये, एवढंच मी म्हणेन.

आता खरा मुद्दा. हे १५०० तुम्ही आणले कुठून? ओढ्याने सांगितले नाहीत, जनरेटरच्या पाटीवरून आले. हेड आणि प्रवाह जागा देते, वेग आपण ठरवतो. म्हणून स्पेसिफिक स्पीड हा जागेचा गुण नाही. तोच ओढा, तेच ५८ किलोवॅट, फक्त फेरे बदला: १५०० ला १०१, १००० ला ६७, ७५० ला ५०, ६०० ला ४०. एकाच जागेवर तुम्ही फ्रान्सिसपासून अनेक जेटच्या पेल्टनपर्यंत हिंडून आलात. म्हणून ‘माझा स्पेसिफिक स्पीड किती’ हा प्रश्न उलटा विचारायचा: ‘कोणतं टर्बाइन इथे किती फेऱ्यांनी फिरेल, आणि ते फेरे मला चालतील का?’

पेल्टन असंच तपासू. ४४ मीटरवर जेटचा वेग सेकंदाला सुमारे २८.८ मीटर. एकाच जेटमधून १८० लिटर काढायचे तर जेट ८९ मिलिमीटर जाडीचा होतो. पेल्टनचं चाक जेटच्या निदान नऊ-दहा पट मोठं लागतं, नाहीतर बकेट एकमेकींच्या आड येतात आणि पाणी बाहेर पडताना मागच्या बकेटीला थडकतं. म्हणजे जवळजवळ ९० सेंटिमीटरचं चाक, आणि ते मिनिटाला २९० फेरे घेणार. स्पेसिफिक स्पीड काढा, १९ ते २० येतो. तक्त्यांत एका जेटच्या पेल्टनची वरची हद्द विसाच्या आसपास लिहिलेली असते ती इथून येते, कोणी मनाने ठरवलेली नाही. चार जेट लावले तर प्रत्येक ४५ मिलिमीटरचा, चाक ४५ सेंटिमीटरचं, फेरे ५७८. फिरेल मजेत, पण चार नोझल, चार सुया आणि त्यांना गुंडाळून जाणारा पाइप एवढा पसारा ५८ किलोवॅटसाठी? तुमच्या इंजिनिअर मित्राला डोंगर दिसला, पाणी किती ते त्याने विचारलं नाही. हेच पाणी १८ लिटर असतं तर मीही पेल्टनच म्हटलं असतं.

ओढ्याकाठी

वेग आपण ठरवतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी १०१ हा ओढ्याचा रक्तगट समजत होतो.

मग ५० लिटरला अण्णा म्हणतात तसं वेगळं गणित करायचं की नाही?

पाणवठा

नाही, आणि तेच अण्णांचं उरलेलं अर्धं. टर्बाइनचा स्पेसिफिक स्पीड त्याच्या सर्वोत्तम बिंदूवर मोजतात, म्हणजे ज्या प्रवाहासाठी ते घडवलंय त्यावर. पाणी कमी झालं म्हणून रनरचा, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या चाकाचा, आकार बदलत नाही. फ्रान्सिसला ५० लिटर दिले तर ते टर्गो होत नाही, उपाशी फ्रान्सिसच राहतं. कमी पाण्याचा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर स्पेसिफिक स्पीडमध्ये नाही. ते त्या टर्बाइनच्या कार्यक्षमतेच्या वक्रात आहे. प्रकार निवडताना ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत, लोक पहिल्यावर सही करून दुसरं वाचत नाहीत.

अभ्यासू_अण्णा

मान्य, सर्वोत्तम बिंदूचं विसरलो. पण मग वक्राचंच बोलू. मी हिशोब मांडतो, तुम्ही तपासा. कमी पाण्यात पाइपातलं घर्षण घटतं म्हणून हेड थोडं वाढतं, तेही धरलंय.

फ्रान्सिस: १८० लिटरला ८६ टक्के, १०० ला ७२, ५० ला ४०. म्हणजे ६७, ३२ आणि ९ किलोवॅट. क्रॉसफ्लो: ७५, ७४, ७०. म्हणजे ५८, ३३ आणि १६ किलोवॅट. प्रत्येकी चार महिने, म्हणजे २९२० तास. वर्षाची बेरीज फ्रान्सिसची सुमारे ३,१५,००० युनिट, क्रॉसफ्लोची ३,१२,०००. फ्रान्सिस पुढेच आहे! क्रॉसफ्लो सगळे उगीच डोक्यावर घेतात.

पाणवठा

आकडे वाजवी आहेत, बेरीजही बरोबर. फक्त २८ टक्के पाण्यावर फ्रान्सिस चार महिने चालवणार कोण? त्याच्या पात्यांचा कोन आणि पाणी वळवून आत सोडणाऱ्या गाइड व्हेनचा कोन पूर्ण प्रवाहाला जुळवलेला असतो. पाणी त्यापेक्षा बरंच कमी झालं की रनरमधून बाहेर पडणारं पाणी गरगरत उतरतं, रनरखालच्या ड्राफ्ट ट्यूबमध्ये दोरीसारखा भोवरा तयार होतो आणि तो नळीच्या भिंतींना आपटत फिरतो. हे ओळखायला उपकरण लागत नाही. प्रेशर गेजचा काटा ठराविक लयीत थरथरतो. ही लय रनरच्या वेगाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढी असते, म्हणजे १००० आरपीएमच्या यंत्रावर सेकंदाला चार-पाच वेळा. जमिनीतून धडधड पायाला लागते, दिवे तालात मंद-तेज होतात. असं चालवलं की बेअरिंग आणि सील आधी जातात.

तेव्हा व्यवहारात ते चार महिने फ्रान्सिस बंद. बेरीज ३,१५,००० वरून सुमारे २,८९,००० वर येते. पण त्याहून वाईट म्हणजे चार महिने शून्य. वीज तारेत विकायची असती तर वर्षाची बेरीज बघून निवडलं असतं, तिथे अण्णांचा मुद्दा वजनदार झाला असता. ओढ्याकाठींना मात्र बाहेरून घ्यायला तार नाही. त्यांच्यासाठी भरल्या दिवसांतल्या ६७ आणि ५८ मधल्या फरकापेक्षा कोरड्या दिवसांतले १६ किलोवॅट मोलाचे.

आता क्रॉसफ्लोचा रनर बघू. त्याचा नियम सोपा आहे: ४० गुणिले हेडचं वर्गमूळ, भागिले मीटरमधला व्यास, की फेरे मिळतात. ३०० मिलिमीटरचा रनर धरा, ४४ मीटरला ८८४ फेरे. जनरेटरला १५०० हवेत, म्हणजे पट्ट्याने १.७ पट. हे अगदी साधं पट्ट्याचं काम आहे. ८८४ वर स्पेसिफिक स्पीड ६० येतो, क्रॉसफ्लोच्या पट्ट्यात व्यवस्थित बसतो.

आणि इथे तुमचं नशीब बघा. रनरची लांबी सुमारे २१० मिलिमीटर निघते. क्रॉसफ्लोची गाइड व्हेन एकास दोन अशी विभागून मिळते, म्हणजे ७० मिलिमीटरचा एक कप्पा आणि १४० चा दुसरा. लहान कप्पा ६० लिटर घेतो, मोठा १२०, दोन्ही मिळून १८०. तुमचे कोरडे ५० लिटर लहान कप्प्यात जवळजवळ भरून वाहतील, मधले १०० मोठ्यात. तिन्ही ऋतूंत उघडा असलेला कप्पा आठ आणे नाही, तेरा आणे तरी भरलेला राहतो. म्हणून वक्र सपाट. त्या कारखानदाराने न विचारता सांगितलं हे चूकच, पण सांगितलं ते बरोबर.

खटपट्या

मी गप्प बसून वाचत होतो, पण पंपाचं नाव कुणीच घेईना म्हणून आलो. पंप उलटा चालवा! १०१ हा स्पेसिफिक स्पीड सेंट्रिफ्यूगल पंपाच्या अगदी पट्ट्यात आहे. १५०० वर थेट जोडणी, पट्टा नाही, गाइड व्हेन नाही, सुटे भाग कुठेही. माझ्याकडे सहा वर्षं चालू आहे.

एक पाप मात्र कबूल करतो. पहिल्यांदा मी जागेचे आकडे घेऊन पंप शोधला. जागा २० मीटर आणि सेकंदाला ३० लिटर, पंपाच्या पाटीवरही २० आणि ३०. उलटा लावला. अपेक्षा ४ किलोवॅटची, मिळाला जेमतेम दीड. नंतर कळलं की तोच पंप टर्बाइन म्हणून चालताना त्याला पाटीपेक्षा जास्त हेड आणि जास्त पाणी लागतं, साधारण सव्वा ते दीडपट. त्याला हवे होते २८ मीटर आणि ४० लिटर, मी देत होतो २० मीटर. मग पाटीवर १४-१५ मीटर आणि २२ लिटर असलेला पंप आणला, तेव्हा गाडी रुळावर आली.

ओढ्याकाठींना सुचवतो: दोन पंप. एक ५० लिटर खाणारा, एक १०० खाणारा. कोरड्या दिवसांत लहान, मधल्या दिवसांत मोठा, भरल्या दिवसांत दोन्ही. तीस लिटर वाया जातील, जाऊ द्या.

अभ्यासू_अण्णा

हे मला पटतंय, आश्चर्य आहे. १५० लिटरवर ७५ टक्के धरले तर ४९ किलोवॅट. क्रॉसफ्लोच्या ५८ पेक्षा नऊ कमी, पण एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

पाणवठा

योजना वाईट नाही. दोन गोष्टी अडतात.

एक, ‘५० च्या आसपास’ म्हणजे काय? ओढा काही रोज ५० देत नाही. आज ६२, पंधरा दिवसांनी ४२. क्रॉसफ्लोची व्हेन थोडी मिटली की झालं. पंपाला व्हेनच नाही, त्याला ४४ मीटरवर १५०० फेऱ्यांना जेवढं हवं तेवढंच तो ओढणार. ओढा ४२ देतोय आणि पंप ५० ओढतोय, म्हणजे वरची टाकी हळूहळू रिकामी होते, पातळी पाइपाच्या तोंडापर्यंत येते, भोवरा होऊन हवा आत शिरते आणि यंत्र हेलकावे खायला लागतं. मग चालू-बंद, चालू-बंद. खटपट्या, तुमच्याकडे हे होत नाही का?

दोन, भार अचानक गेला तर. क्रॉसफ्लोचा वेग वाढतो, पण पाणी जवळजवळ तेवढंच वाहत राहतं. पंपाचं तसं नाही. कमी स्पेसिफिक स्पीडचा पंप किंवा फ्रान्सिस वेगात गेला की केंद्रोत्सारी जोराने पाण्याला मागे रेटतो, प्रवाह झटकन घटतो. ३२० मीटर पाइपातलं चालतं पाणी असं अडलं की दाबाचा तडाखा बसतो. पाइपाची जाडी ठरवताना हे धरावं लागेल.

खटपट्या

होतं की! म्हणून तर टाकीत फ्लोट बसवलाय, पातळी उतरली की घंटा वाजते आणि मी धावतो. पण माझी टाकी मोठी आहे, दिवसातून एकदाच धावतो. 😀

तडाख्याचं मात्र मला कधी जाणवलं नाही. माझा पाइप ६० मीटरचाच आहे, त्यामुळे असेल. शिवाय बदलता भार सांभाळायला आमच्याकडे पाण्यात बुडवलेले हीटर आहेत, घरात दिवे बंद झाले की वीज तिकडे जाते. जनरेटरला कळतच नाही की भार गेला. त्यात तार तुटली तर मात्र देवाचं नाव.

बांधावरून

आमच्याकडे कालव्यावर धबधबी आहे, ३.५ मीटर उंच, पाणी सेकंदाला १२०० लिटर, बारा महिने जवळजवळ सारखं. वरचं वाचून क्रॉसफ्लोच घ्यावंसं वाटतंय, कप्प्यांची कल्पना आवडली. ३०० मिलिमीटरचाच रनर चालेल ना?

पाणवठा

बांधावरून, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण त्यातून नियमाची दुसरी बाजू दिसते म्हणून लिहिते. ८० टक्के धरून तुमचे ३३ किलोवॅट. क्रॉसफ्लोला स्पेसिफिक स्पीड ७० दिला तरी ३.५ मीटरवर ते मिनिटाला ५८ फेरेच घेईल आणि रनर जवळजवळ १.३ मीटर व्यासाचा होईल. ५८ वरून १५०० वर न्यायचं म्हणजे सव्वीसपट. शंकासुरांची गिअरपेटी इथे खरी ठरली. ३०० मिलिमीटरचा रनर फिरेल अडीचशेने, पण तेवढं पाणी गिळायला तो काही मीटर लांब करावा लागेल.

उलट, ६०० फेऱ्यांना स्पेसिफिक स्पीड ७२० येतो, ३०० ला ३६०. हा कॅप्लान-प्रोपेलरचा मुलूख. आणि पाणी बारा महिने सारखं आहे म्हणता, मग हलणाऱ्या पात्यांच्या कॅप्लानचीही गरज नाही, स्थिर पात्यांचं प्रोपेलर पुरेल. कमी हेडला पर्याय आपोआप कमी होत जातात. ओढ्याकाठींची अडचण अशी की ४४ मीटरला चारपाच प्रकार दारात उभे राहतात.

शंकासुर

शेवटी माझी गिअरपेटी उपयोगी पडली. आता मी सुखाने झोपतो.

पाणवठा

ओढ्याकाठी, एक विचारायचं राहिलं. तुमचे ४६ मीटर ‘खालच्या पाण्यापर्यंत’ आहेत. मोजलेत कधी? आणि पूर आला की ते खालचं पाणी किती चढतं?

ओढ्याकाठी

मोजलं ते कोरड्या दिवसांत. पुराची खूण खालच्या खडकावर आहे, पाला-काटक्या अडकून वाळलेल्या. आज जाऊन टेप लावली: मोजलेल्या पाण्यापासून २.६ मीटर वर. का?

पाणवठा

मग तुमचे ४४ गेले.

पेल्टन असो की क्रॉसफ्लो, रनर हवेत फिरायला हवा. पाण्यात बुडाला की वल्ह्यासारखं पाणी घुसळत बसतो आणि पॉवर कोसळते. म्हणून तो पूररेषेच्या वर, समजा ३ मीटरवर बसवाल. रनरच्या खालची ती ३ मीटर उंची उघड्या टर्बाइनला मिळत नाही. ४६ उणे ३, उणे पाइपाचे २, राहिले ४१. पॉवर ५८ वरून ५४. रनरचे फेरे ८८४ वरून ८५४, पट्ट्याचं गुणोत्तर थोडं वाढतं. स्पेसिफिक स्पीड मात्र १५०० धरून १०१ चा १०७ होतो, म्हणजे प्रकाराची निवड हलत नाही. २०० मीटर हेड असतं तर हे ३ मीटर कुणी विचारलेच नसते.

फ्रान्सिस आणि पंपाला हा दंड बसत नाही. त्यांची ड्राफ्ट ट्यूब खालच्या पाण्यात बुडलेली असते आणि रनर वर असला तरी ती उंची शोषून परत मिळते. अण्णा, हा मुद्दा तुमच्या बाजूचा होता, तुम्ही वापरला नाहीत.

अभ्यासू_अण्णा

वापरणार होतो, तुम्ही आधी लिहिलंत. 🙂 पण क्रॉसफ्लोलाही ड्राफ्ट ट्यूब लावतात असं वाचलंय.

पाणवठा

लावतात. पेटी हवाबंद करायची, खाली ट्यूब सोडायची, आणि पेटीला एक हवेचा व्हॉल्व्ह, जो आतली पोकळी ठराविक पातळीवर धरतो. पाणी ट्यूबमध्ये वर ओढलं जातं पण रनरच्या खालीच थांबतं. ३ मीटरपैकी दोनेक मीटर परत मिळतात. म्हणजे ४३ च्या आसपास, ५७ किलोवॅट.

खटपट्या

कागदावर. आमच्या ओळखीत एकाकडे तसं क्रॉसफ्लो आहे. व्हॉल्व्हची स्प्रिंग गंजली, हवा येईनाशी झाली, पोकळीतलं पाणी चढून रनर बुडाला. पॉवर निम्म्यावर आली आणि तीन दिवस सगळे जाळीतला कचरा शोधत होते. मी तर म्हणतो अडीच किलोवॅटसाठी ही आणखी एक गोष्ट बिघडायला ठेवू नका. ट्यूब लावू नका, उघडं राहू द्या.

पाणवठा

कोरड्या महिन्यांत हिशोब बघा ना. १६ किलोवॅट ४६ मीटर धरून होते. ३ मीटर गेले की १५ च्या खाली. तेव्हाच तर एकेक किलोवॅट हवाय. व्हॉल्व्हला गेज लावा, आतला निर्वात रोज एका नजरेत दिसतो. काटा नेहमीच्या खुणेच्या पुढे गेला की हवा कमी येतेय, शून्याकडे आला की कुठून तरी गळतंय. तीन दिवस कचरा शोधायची वेळ येत नाही.

खटपट्या

गेज बघणारा माणूस रोज तिथे असेल तर. माझ्याकडे घंटा वाजल्याशिवाय कोणी हलत नाही.

ओढ्याकाठी

यंत्रघर घरापासून वीस मिनिटं चालत आहे, वाट निसरडी. रोज जाईन असं आज म्हणतो, पुढच्या वर्षी काय म्हणेन माहीत नाही.

सध्या एवढं ठरवलंय. पेल्टन आणि फ्रान्सिस बाजूला. कारखानदाराला उद्या फोन करून विचारतो: कप्पे ७० आणि १४० चे मिळतील का, रनर किती फेऱ्यांचा देणार, भार गेल्यावर वेग किती वाढतो. आणि खटपट्यांच्या दोन पंपांचा हिशोब खोडत नाही, कारण ५० च्या आसपासचं ‘आसपास’ मला खरंच माहीत नाही. आठवड्यातून एकदा खाचेची पाटी वाचत होतो, ती येत्या कोरड्या दिवसांत रोज वाचतो.

पाणवठा

वेग किती वाढतो हे विचाराल तेव्हा जनरेटरवाल्यालाही तोच आकडा द्या. क्रॉसफ्लो भाराविना साधारण १.८ पटीपर्यंत जातं, म्हणजे पट्ट्याच्या पलीकडे जनरेटर २७०० च्या आसपास फिरेल. तेवढा वेग सोसणारा आहे असं लिहून घ्या. तोंडी ‘हो, हो’ चालत नाही.

आणि पाटी रोज वाचणार असाल तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा वाचा. कोरड्या दिवसांत वरच्या अंगाला कोणी पाणी उपसत असेल तर ते सरासरीत दिसत नाही.

ओढ्याकाठी

वर दोन उपसे आहेत. एक पहाटे चालतो.

खटपट्या

मग घंटा घ्याच.